विश्लेषण : २४ मुलाखतींवरून ‘कामगार अजूनही वाट पाहतात’ असे म्हणता येते का?

गुणात्मक शोधनिबंधात आकडे कमी आणि माणसांचे बोलणे जास्त असते. त्यामुळे त्यातील निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा, असा प्रश्न वाचकाला पडतो. थीमॅटिक अ‍ॅनालिसिस, ग्राउंडेड थिअरी आणि एथ्नोग्राफी या तीन पद्धती नेमके काय सांगू शकतात आणि काय नाही, हे आंबिवलीच्या बंद कारखान्याच्या उदाहरणातून समजून घेऊ.

उदाहरण काय आहे?

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळ्याच्या मध्ये आंबिवली स्थानक आहे. त्याच्या जवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एनआरसी’चा कारखाना होता. २००९ मध्ये तेथे टाळेबंदी झाली आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला. थकीत देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. कामगार वसाहतीतील घरांचा प्रश्नही त्याला चिकटलेला होता.

आता समजा, या कामगारांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संशोधकाने मोहने-आंबिवलीतील २४ माजी कामगारांच्या मुलाखती घेतल्या आणि निष्कर्ष लिहिला : ‘कारखाना बंद पडून इतकी वर्षे झाली तरी कामगार तो सुरू होण्याची किंवा देणी मिळण्याची वाट पाहत आहेत. या वाट पाहण्यामुळे कुटुंबांचे पुढचे निर्णय अडून राहिले.’ कारखाना आणि टाळेबंदी खरी आहे. हा निबंध आणि पुढे येणारी त्यातील वाक्ये मात्र समजावण्यासाठी कल्पिलेली आहेत.

निष्कर्ष पटण्यासारखा आहे. परिसरात राहणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. मात्र पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. या दोन वाक्यांत प्रत्यक्षात चार दावे दडलेले आहेत. कामगार वाट पाहतात, हा एक. असे कामगार बहुसंख्य आहेत, हा दुसरा; तो शब्दांत नाही, पण ‘कामगार’ या सरसकट शब्दातून सूचित होतो. वाट पाहण्यामुळे निर्णय अडले, हा कार्यकारणाचा तिसरा. आणि लोक जे बोलले तसेच ते प्रत्यक्षात वागले, हा चौथा. यातील कोणता दावा टिकतो, हे संशोधकाने मुलाखतींचे पुढे काय केले यावर ठरते.

२४ ही संख्या कमी नाही का?

‘किती’ या प्रश्नासाठी कमी आहे, ‘कसे’ या प्रश्नासाठी कदाचित नाही. निवडणुकीच्या जनमत चाचणीत माणसे योगायोगाने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची ठाऊक असलेली शक्यता देऊन निवडलेली असतात. म्हणूनच तेथे टक्केवारी काढता येते. गुणात्मक अभ्यासात माणसे बहुधा ओळखीतून, संघटनेच्या यादीतून किंवा ‘अमक्यालाही भेटा’ अशा सुचवण्यातून मिळतात. अशा २४ पैकी १८ जण एक गोष्ट बोलले, तरी ‘७५ टक्के कामगार’ असे लिहिणे चूक आहे. तो आकडा कामगारांबद्दल काही सांगत नाही. संशोधक कोणाकोणाला भेटला, एवढेच तो सांगतो.

मग २४ का, ४० का नाही? याचे उत्तर देताना निबंधांत २००६ च्या एका अभ्यासाचा हमखास आधार घेतला जातो. ग्रेग गेस्ट, आर्वेन बन्स आणि लॉरा जॉन्सन यांनी घाना आणि नायजेरियातील महिलांच्या ६० मुलाखती क्रमाने तपासल्या आणि बहुतेक नवे मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते, असे दाखवले. तेव्हापासून ‘१२ पुरे’ हा जणू नियमच झाला. त्या अभ्यासातील महिला मात्र बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सर्वांना तेच प्रश्न विचारले होते. एनआरसीतील कायम कामगार, कंत्राटी कामगार, निवृत्तीला आलेले आणि नुकतेच लागलेले यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. तेथे १२ चा आधार लागू पडेलच असे नाही.

आपल्या उदाहरणात संख्येपेक्षा मोठी एक अडचण आहे. मुलाखती मोहने-आंबिवलीत घेतल्या आहेत. टाळेबंदीनंतर जे गावी परतले, दुसऱ्या शहरात गेले, ज्यांनी एनआरसीचा विषय मनातून काढून टाकला, ते येथे भेटणारच नाहीत. जे थांबले त्यांनाच विचारले, आणि निष्कर्ष निघाला की लोक थांबून आहेत. मुलाखती २४ ऐवजी २४० केल्या तरी हा दोष जाणार नाही. तीन पद्धती या अडचणीशी तीन वेगवेगळ्या प्रकारे वागतात, आणि त्यातूनच त्यांच्यातला फरक समजतो.

थीमॅटिक अ‍ॅनालिसिस काय करते?

सध्याच्या निबंधांत सर्वाधिक आढळणाऱ्या पद्धतींपैकी ही एक. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये तिची सहा टप्प्यांची मांडणी केली : मजकूर पुन्हा पुन्हा वाचणे, त्याला संकेत म्हणजे कोड देणे, कोडमधून थीम बांधणे, त्या मजकुराशी ताडून पाहणे, त्यांना नाव आणि व्याख्या देणे आणि शेवटी लिहिणे.

कोड देणे म्हणजे काय, ते एका वाक्यावरून पाहू. समजा, एक कामगार म्हणाला, ‘दुसरीकडे लागलो असतो, पण मग हिशेबाच्या वेळी आपलं नाव राहील की नाही, याची भीती होती.’ या वाक्याला ‘आर्थिक अडचण’ असा कोड देता येईल, पण त्यातून हाती काही लागत नाही. ‘हक्क जाऊ नये म्हणून नोकरी न शोधणे’ हा कोड अधिक उपयोगी, कारण माणूस काय करत होता आणि का, हे त्यात टिकून राहते. असे शेकडो कोड पडतात. त्यांतले काही एकमेकांजवळ येतात. ‘कंपनीचे ओळखपत्र जपून ठेवणे’, ‘वसाहतीतले घर न सोडणे’, ‘प्रत्येक सभेला जाणे’ हे तिन्ही वेगवेगळ्या विषयांचे असले तरी त्यांचा अर्थ एकाच दिशेला जातो : हजर राहिलो तरच हक्क राहील. ही झाली थीम.

येथे या पद्धतीतली सर्वात मोठी गफलत होते. पुष्कळ निबंधांत ‘आर्थिक परिणाम’, ‘कौटुंबिक परिणाम’, ‘आरोग्यावरील परिणाम’ अशी शीर्षके असतात आणि त्यांनाच थीम म्हटलेले असते. हे तर मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नांचेच मथळे. पैशांबद्दल विचारले, लोक पैशांबद्दल बोलले आणि ‘पैसा’ ही थीम सापडली. ब्राउन आणि क्लार्क यांनी स्वतःच पुढच्या लेखनात याला विषयवार गोषवारा म्हटले आहे आणि थीमपासून वेगळे काढले आहे. ओळखायची सोपी खूण अशी : थीमच्या नावाचे पूर्ण विधान करता येते का ते पाहावे. ‘हजर राहिलो तरच हक्क राहील’ हे विधान आहे, त्याच्याशी सहमत किंवा असहमत होता येते. ‘आर्थिक परिणाम’ या नावाशी असहमत कसे होणार?

‘मुलाखतींतून तीन थीम उदयास आल्या’ हे वाक्यही जपून वाचावे. थीम आपणहून वर येत नाहीत. संशोधक त्या बांधतो. त्यामुळे तो कोण आहे, कामगार संघटनेच्या ओळखीने आला की महाविद्यालयाच्या, हे सांगणे पद्धतीचाच भाग ठरते. काही संशोधक दोघांना स्वतंत्रपणे कोड द्यायला लावतात आणि त्यांचे किती जुळते याचा आकडा देतात. ब्राउन आणि क्लार्क यांच्या मांडणीत अशा आकड्याला स्थान नाही, कारण एकच बरोबर कोड असतो असे त्या मानत नाहीत. निबंध त्यांचे नाव घेऊन वर जुळणीचा आकडाही मिरवत असेल, तर लेखकाने पद्धत नीट निवडलेली नाही, असे समजायला जागा आहे.

या पद्धतीचा प्रामाणिक निष्कर्ष काय असेल? ‘मोहने परिसरात राहणाऱ्या, आम्ही भेटलेल्या कामगारांच्या बोलण्यात थांबण्याचा अर्थ आशा असा नसून हक्क राखणे असा येतो.’ हे मोलाचे आहे. थांबलेल्या माणसाला आळशी किंवा भाबडा ठरवणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळते. पण गेलेल्यांविषयी ते काहीच सांगत नाही आणि ‘निर्णय अडले’ हेही सिद्ध करत नाही. थीमॅटिक अ‍ॅनालिसिस आहे त्या मजकुरावर काम करते. मजकुरात जे नाही ते आणायची सक्ती ती करत नाही. म्हणून निष्कर्ष तेवढ्यापुरता आखून घेण्याची जबाबदारी लेखकावर येते.

ग्राउंडेड थिअरी वेगळी कशी?

ही पद्धत बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्याआधी त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांचा अभ्यास केला होता. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून त्यांनी चार स्थिती मांडल्या : रुग्णाला आपण मरणार हे माहीत नसते, त्याला संशय असतो, दोन्ही बाजूंना माहीत असते, पण माहीत नसल्याचे सोंग चालू असते, आणि सगळे उघडपणे माहीत असते. या चार स्थितींनुसार परिचारिका, डॉक्टर आणि नातेवाईक यांचे वागणे कसे बदलते आणि एका स्थितीतून दुसरीकडे माणसे कशी जातात, हे त्यांनी दाखवले. ‘रुग्णांना भीती वाटते’ ही थीम झाली. कोणत्या परिस्थितीत काय घडते आणि पुढे ते कसे बदलते, हे सांगणारी ही सिद्धांताची मांडणी झाली.

म्हणजे ग्राउंडेड थिअरीचे वचन मोठे आहे. ती एखाद्या प्रक्रियेचे स्पष्टीकरण देऊ पाहते. त्यासाठी ती एक अट घालते : मुलाखती घेणे आणि त्यांचे विश्लेषण बरोबरीने चालले पाहिजे. पहिल्या चार-पाच मुलाखती झाल्या की कोड द्यायचे, टिपणे लिहायची, प्रत्येक नवा प्रसंग आधीच्यांशी ताडायचा आणि त्यातून जो प्रश्न निघेल त्यानुसार पुढचा माणूस निवडायचा. या निवडीला थिअरेटिकल सॅम्पलिंग म्हणतात.

आपल्या उदाहरणात हे कसे चालेल? पहिल्या पाच जणांच्या बोलण्यातून ‘हजर राहिलो तरच हक्क राहील’ ही कल्पना पुढे आली. मग संशोधकाने विचारायला हवे : ज्याला दुसरे काम मिळाले, तोही असेच मानतो का? शेजारच्या शहाडला रेयॉनचाच दुसरा कारखाना, सेंच्युरी रेयॉन, आहे. एनआरसी सुटल्यावर तशा ठिकाणी किंवा अन्य कारखान्यात लागलेला कामगार शोधायचा. समजा, तो म्हणाला, ‘काम मिळालं, तरी सुट्टी टाकून सभेला जायचो.’ म्हणजे हक्क राखण्यासाठी बेकार राहावेच लागते असे नाही. कल्पना सुधारावी लागली. आता गावी परतलेला कामगार शोधायचा, मग त्यासाठी फोनवर बोलावे लागो किंवा प्रवास करावा लागो. समजा, तो म्हणाला, ‘भाऊ तिथंच आहे, तो कागद बघतो.’ मग लक्षात येते की थांबणे हे एकट्या माणसाचे नसून कुटुंबाने वाटून घेतलेले काम असू शकते : एकाने थांबायचे, बाकीच्यांनी कमवायचे. ज्याचा असा भाऊ नाही त्याचे काय? पुढचा माणूस तो.

पाहता पाहता ‘कामगार वाट पाहतात’ या वाक्याची जागा एका सशर्त विधानाने घेतली : ज्या कुटुंबात थांबण्याचे काम कोणावर सोपवता येते तेथे इतरांचे निर्णय मोकळे होतात, आणि जेथे तशी सोय नाही तेथे ते अडतात. हे विधान मूळ निष्कर्षाहून वेगळेच नव्हे, तर काही अंशी त्याच्या उलट आहे. मोहनेतच बसून २४ मुलाखती पूर्ण केल्या असत्या तर ते हाती लागले नसते. गेलेल्या माणसांना शोधायला या पद्धतीनेच भाग पाडले.

पण किती निबंध हे खरोखर करतात? पद्धतीच्या विभागात ‘ग्राउंडेड थिअरीचा वापर केला’ असे लिहिलेले असते आणि पुढच्याच परिच्छेदात सगळ्या मुलाखती एकाच प्रश्नावलीने दोन महिन्यांत घेतल्याचे व त्यानंतर कोडिंग केल्याचे दिसते. असा निबंध प्रत्यक्षात थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचा असतो; नाव तेवढे दुसरे. ते काम वाईट असेलच असे नाही. त्याने स्पष्टीकरणाचा दावा करू नये, इतकेच.

‘सॅच्युरेशन’ हा शब्दही येथे तपासून घ्यावा. मुलाखतींत नवे काही ऐकू येईनासे झाले, असा त्याचा सैल अर्थ घेतला जातो. एकाच वस्तीत, एकाच संघटनेच्या ओळखीने भेटलेली माणसे लवकरच एकसारखे बोलू लागतात, त्यात नवल नाही. ग्राउंडेड थिअरीतला अर्थ कडक आहे : सिद्धांतातील प्रत्येक कल्पनेच्या वेगवेगळ्या बाजू आणि अटी मुद्दाम शोधूनही आता तिच्यात भर पडत नाही. कडक अर्थाने पाहायचे तर ‘कोणत्या माणसांना शोधून पाहिले?’ याचे उत्तर निबंधात असायला हवे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. तिच्यातून ‘असे कसे घडते’ याचा तपासण्याजोगा आराखडा मिळतो. अशी किती कुटुंबे आहेत, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सर्वेक्षणच लागेल.

मग एथ्नोग्राफीची गरज कशासाठी?

वरच्या दोन्ही पद्धती आपल्या उदाहरणात मुलाखतींवर उभ्या आहेत. मुलाखतीत माणूस काय केले ते सांगतो, करून दाखवत नाही. या दोहोंत किती अंतर असू शकते, याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. रिचर्ड लापिएर हे समाजशास्त्रज्ञ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका तरुण चिनी दाम्पत्यासोबत देशभर फिरले. चिनी लोकांविरुद्ध तेव्हा तेथे उघड दुजाभाव होता. तरीही २५१ हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्राने विचारले, की तुम्ही चिनी पाहुणे घ्याल का? ज्यांनी उत्तर दिले त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ म्हटले. लापिएर यांचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रांवरच विसंबून कोणी निष्कर्ष काढला असता, तर प्रत्यक्ष वागण्याच्या बाबतीत तो साफ चुकला असता.

एथ्नोग्राफर म्हणून तेथे जाऊन राहतो. महिनोन्‌महिने, शक्य तर वर्षभर. रोजच्या कामांत हजर राहायचे, त्याच दिवशी टिपणे लिहायची, लोक जे सांगतात ते आणि जे करतात ते शेजारी ठेवायचे. मोहनेत याचा अर्थ असा, की ‘वाट पाहणे’ हा शब्द विचारण्याऐवजी ती प्रत्यक्षात कशी होते ते पाहायचे. सभेला कोण येतो, कोण मागे उभा राहतो. कागदपत्रे घरात कोण सांभाळते. मुलाच्या लग्नाच्या बोलणीत थकीत देण्यांचा उल्लेख होतो का, झाला तर कोण करतो. समजा, मुलाखतीत सगळे पुरुष ‘आम्ही लढतोय’ म्हणाले, आणि घरात बसल्यावर दिसले की अर्ज, झेरॉक्स आणि फाइल बायका सांभाळतात. ही गोष्ट २४ पुरुषांच्या मुलाखतींत आली नसती. कोणी ती लपवली म्हणून नव्हे. सांगण्यासारखी वाटली नाही म्हणून.

मुंबईतल्या गिरण्यांवर असे काम झाले आहे. मौरा फिंकेलस्टाइन यांचे ‘द आर्काइव्ह ऑफ लॉस’ हे पुस्तक २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढले. १९८२ च्या संपानंतर मुंबईची गिरणी संपली, ती आता मॉल आणि टॉवरांखाली गेली, असे शहर भूतकाळात बोलत होते. त्याच काळात त्या लोअर परळच्या धनराज मिलमध्ये जात होत्या आणि तेथे यंत्रे अजून सुरू होती, कामगार पाळीवर येत होते. ‘गिरणी कामगार उरला नाही’ असे सर्वजण म्हणत असताना तो कामावर हजर होता. कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात जे संपले होते, ते जागेवर गेल्यामुळे दिसले. एथ्नोग्राफीचे सामर्थ्य ते हेच.

तिच्या मर्यादाही तेथेच आहेत. एक गिरणी, एक वस्ती, एक संशोधक. धनराजमध्ये दिसले म्हणून सगळ्या गिरण्यांत तसेच होते, असे म्हणता येत नाही. पण ‘गिरणी संपली’ हे सरसकट विधान चुकीचे ठरवायला एक चालू गिरणी पुरते. सर्वसामान्य विधान मोडणे आणि सर्वसामान्य विधान करणे, यांतला हा फरक आहे. शिवाय सगळा पुरावा संशोधकाच्या टिपणांतून येतो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात राहून अभ्यास केला. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांची संस्कारित टिपणे जळाली. पुढे १९७६ मध्ये आलेले पुस्तक त्यांनी मुख्यतः आठवणीवर लिहिले आणि ते लपवले नाही; ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ या नावातच ते सांगितले. कोणत्या पुराव्यावर आपण बोलत आहोत हे वाचकाला कळू देणे, एवढी अपेक्षा प्रत्येक एथ्नोग्राफीकडून ठेवता येते.

आणि गेलेली माणसे? मोहनेत राहणाऱ्या एथ्नोग्राफरला ती बहुधा फोनवरच्या बोलण्यात, सणाला आलेल्या पाहुण्यांत किंवा सभेच्या दिवशी दिसतील. म्हणजे ती आहेत हे त्याला कळेल. त्यांचे गावाकडचे आयुष्य कळणार नाही.

येथेही नावावरून फसू नये. ‘एथ्नोग्राफिक पद्धतीने’ केलेल्या अभ्यासात तीन भेटी आणि दहा मुलाखती असतील, तर तो मुलाखतींचाच अभ्यास आहे. किती काळ, किती वेळा, कोणत्या प्रसंगी हजर होते, आणि लोकांनी संशोधकाला कोण समजून आत घेतले, हे निबंधात नसेल तर ‘लोक असे वागतात’ हे वाक्य ‘लोक असे वागतो म्हणतात’ असे दुरुस्त करून वाचावे.

मग मूळ निष्कर्षाचे काय?

आता त्या कल्पित निबंधाकडे परत येऊ. त्यात चार दावे होते.

‘कामगार वाट पाहतात’ : थीमॅटिक अ‍ॅनालिसिस असेल तर ‘भेटलेल्या कामगारांच्या बोलण्यात वाट पाहण्याचा असा अर्थ येतो’ इथपर्यंत हे टिकते.

‘बहुसंख्य कामगार’ : तिन्ही पद्धतींत टिकत नाही. ‘बहुतेक’, ‘अनेक’, ‘फारच थोडे’ हे शब्द भेटलेल्यांपुरते वापरले असतील तर हरकत नाही. निष्कर्षाच्या भागात ते हळूच साऱ्या कामगारांना लागू होतात का, ते पाहावे.

‘वाट पाहण्यामुळे निर्णय अडले’ : यासाठी निदान ग्राउंडेड थिअरीसारखी तुलना हवी. ज्यांचे निर्णय अडले नाहीत अशी कुटुंबे मुद्दाम शोधलेली हवीत. ती नसतील तर ‘आमचे निर्णय यामुळे अडले, असे कामगार सांगतात’ एवढेच म्हणता येते.

‘लोक तसेच वागले’ : एथ्नोग्राफीशिवाय किंवा नोंदी, कागदपत्रे यांसारख्या वेगळ्या पुराव्याशिवाय नाही.

निबंध हातात आला तर आधी काय पाहावे?

गोषवारा वाचून झाला की निष्कर्षाकडे न जाता पद्धतीचा विभाग उघडावा. माणसे कोठून मिळाली आणि कोण मिळू शकले नाही, हे आधी शोधावे. मुलाखतींवर आधारित अभ्यासात काय काय सांगितले पाहिजे याची ‘कोरेक’ नावाची ३२ मुद्द्यांची यादी २००७ पासून उपलब्ध आहे. मुलाखत कोणी घेतली, त्याची सहभागी व्यक्तींशी आधीची ओळख होती का, नकार किती जणांनी दिला, हे त्यात येते. अर्थात यादीतील सर्व मुद्द्यांवर खूण केली म्हणजे विश्लेषण चांगले झाले असे नव्हे. माहिती दडवलेली नाही, इतकेच त्यातून समजते.

त्यानंतर अवतरणे पाहावीत. प्रत्येक अवतरणाखाली ‘क ७’, ‘क १९’ असा सहभागी क्रमांक असतो. पेन्सिल घेऊन ते मोजावेत. २४ जणांच्या अभ्यासात १५ अवतरणे आहेत आणि त्यातली नऊ दोघांचीच आहेत, असे निघाले तर निष्कर्ष त्या दोन बोलक्या माणसांवर उभा आहे. मग विरुद्ध जाणारे एकतरी उदाहरण शोधावे. एनआरसीच्या अभ्यासात ‘मी कधीच वाट पाहिली नाही’ म्हणणारा एकही कामगार नसेल, तर असा कामगार अस्तित्वातच नाही की त्याला शोधले नाही, हे लेखकाने सांगायला हवे.

शेवटी निष्कर्षातली क्रियापदे तपासावीत. ‘सांगतात’, ‘मानतात’, ‘असा अर्थ लावतात’ ही क्रियापदे मुलाखतीला पेलतात. ‘करतात’ साठी कोणीतरी पाहिलेले असावे लागते. ‘मुळे होते’ साठी तुलना लागते. आणि ‘इतके टक्के’ साठी वेगळाच अभ्यास लागतो. देणी, पुनर्वसन, घरांचे हक्क अशा प्रश्नांवर असे निबंध उद्या निवेदनांना जोडले जाऊ शकतात. न पेलणारा आकडा त्यात असेल, तर समोरची बाजू तो एका वाक्यात खोडून काढते आणि त्याबरोबर कामगारांनी सांगितलेले खरेही बाजूला पडते.